तीन एचपी, पन्नास मीटर: विहीर मोजून घेतलेला सौर पंप

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अर्ज केला की एचपी निवडायचा प्रश्न फारसा उरत नाही. अडीच एकरांपर्यंत तीन, अडीच ते पाच एकरांना पाच आणि त्यापुढे साडेसात, असं ते जमिनीवरूनच ठरतं. माझं रान अंबड तालुक्यात, २ एकर १० गुंठे. म्हणजे तीन एचपी आणि त्यासोबत साधारण ३,००० वॅटचे पॅनल. सर्वसाधारण गटातला असल्यामुळे दहा टक्के हिस्सा भरला, पोर्टलवर पुरवठादार निवडला आणि जॉइंट सर्व्हेची वाट बघत बसलो. तोवर डिझेल इंजिनावरच भागत होतं.

त्या मधल्या काळात एक गोष्ट समजून घेतली, तिचा पुढे सगळ्यात जास्त उपयोग झाला. तीन एचपीचा पंप म्हणजे एकच पंप नव्हे. तो ३० मीटर, ५० मीटर आणि ७० मीटर अशा वेगवेगळ्या हेडचा, म्हणजे पाणी ढकलायच्या उंचीचा येतो. पॅनल तेवढेच, वॅट तेवढेच. पण पाणी फार वेगळं. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या मानकात एसी पंपासाठी पॅनलच्या दर वॅटमागे दिवसाला किती लिटर पाणी मिळालं पाहिजे हे दिलेलं आहे. ३० मीटर हेडला ३२ लिटर, ५० मीटरला १९ लिटर, ७० मीटरला १३ लिटर. याला ३,००० ने गुणलं की ९६ हजार, ५७ हजार आणि ३९ हजार लिटर. आता हे आकडे धरले आहेत पॅनलवर दिवसाला ७.१५ युनिट प्रति चौरस मीटर ऊन पडेल असं मानून. आपल्याकडे एका जागी पक्क्या बसवलेल्या पॅनलला वर्षाची सरासरी साडेपाचच्या आसपास धरावी. तेवढ्या हिशोबाने ५७ हजाराचे ४४ हजार होतात. मी मनात सगळीकडे ४४ हजारच धरून चाललो.

आमच्या शेजारच्या तात्यांना पंप माझ्या आधी मिळाला. त्यांची विहीर ३५ फूट, नाल्याच्या काठाला, रान सपाट. सर्व्हेला आलेल्या पोराने विचारलं, "तात्या, हेड किती टाकू?" तात्या म्हणाले, "सगळ्यात मोठं टाक, ताकद तरी राहील." ७० मीटर आला. बाराच्या उन्हातही त्यांच्या पाइपातून मनगटाएवढीच धार पडते आणि ते म्हणतात, सोलरला दमच नाही. दम आहे हो, पण तो पाणी २३० फूट उचलण्यासाठी बांधलेला आहे. मोठ्या हेडच्या पंपात टप्पे जास्त असतात आणि प्रत्येक टप्प्यातून जाणारं पाणी कमी असतं. उथळ विहिरीत बसवला म्हणून तो जास्त पाणी ओढत नाही. थोडंसं वाढतं, पण ३० मीटरवाल्याची बरोबरी होत नाही.

तात्यांचं बघून मी आधी विहीर मोजायचं ठरवलं. अर्जात विहिरीची खोली विचारतात, पण हिशोबाला खोलीपेक्षा पाण्याची पातळी लागते, आणि तीही मोटार चालू असतानाची. माझी विहीर ५२ फूट. हिवाळ्यात पाणी २० फुटांवर असतं, एप्रिलमध्ये ४३ वर जातं आणि उपसा सुरू झाला की ४७ पर्यंत खाली येतं. मोजायला काही लागत नाही. सुतळीला दर फुटावर गाठ, दर पाच फुटांवर लाल चिंधी आणि टोकाला दगड. दगड पाण्याला लागला की सुतळीचा ताण सुटतो, तो हाताला कळतो. कठड्यावर एक खूण करून तिथूनच नेहमी सोडायची, म्हणजे मापात फरक पडत नाही.

त्याच सुतळीने दुसरं माप घेतलं, ते जास्त महत्त्वाचं निघालं. संध्याकाळी इंजिन बंद केल्यावर पाणी कुठे आहे ते बघायचं आणि सकाळी परत. विहिरीचा व्यास २० फूट आहे, म्हणजे तळाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस फूट. एक फूट पाणी म्हणजे ३१४ घनफूट, आणि एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे फुटाला सुमारे ८,९०० लिटर. एप्रिल २०२५ मध्ये रात्रभरात पातळी अडीच फूट चढत होती. म्हणजे २२ हजार लिटर. दिवसा जे झिरपतं ते यात धरलं नाही, ते वरकड समजायचं. आदल्या वर्षी, २०२४ च्या मेमध्ये, जिल्हाभर टँकर फिरत होते तेव्हा हीच विहीर रात्री जेमतेम फूटभर चढायची. म्हणजे ९ हजार. आता ४४ हजार देणारा पंप काय किंवा ७० हजार देणारा काय, उन्हाळ्यात दोघांनाही विहीर तेवढंच देणार. पॅनल वाढवून झरा वाढत नाही.

मग हेड. हे कागदावर मांडलं तेव्हा खोलीपेक्षा बाकीच्याच गोष्टी जास्त भरल्या. एप्रिलमध्ये उपसा चालू असताना पाणी ४७ फुटांवर. विहिरीपासून मोसंबीच्या बागेपर्यंत जमीन १२ फूट चढते. हे पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी लेव्हल बघतात तसं मोजलं. पाइपलाइन ४०० फूट आणि दोन इंची, म्हणजे ६३ मिलिमीटरची. तासाला १२ हजार लिटर पाणी तिच्यातून गेलं तर घर्षणात साधारण १० फूट जातात. याच ठिकाणी पैसे वाचवायला दीड इंची टाकली असती तर तेच नुकसान तिपटीने वाढून ३० फुटांच्या वर गेलं असतं. विहीर ३० फूट आणखी खोल खणल्यासारखंच ते. पुढे ठिबकला एक किलो दाब लागतो, तो ३३ फूट. फिल्टर खातो तो १० फूट. बेरीज ११२ फूट, म्हणजे ३४ मीटर.

५२ फुटांची विहीर बघून कोणीही ३० मीटरचा पंप सुचवेल आणि मोकळं पाणी सोडणाऱ्याला तो अगदी योग्य आहे. पण माझी बेरीज त्याच्या वर चार मीटर गेली होती. हिवाळ्यात गव्हाला तुषार लावतो, त्याला दोन किलो दाब म्हणजे ६६ फूट. तेव्हा विहिरीत पाणी वर असतं, उपशात ३० फूट धरलं तरी बाकीचं मिळून १२८ फूट, ३९ मीटर होतात. म्हणजे दोन्ही हंगामांत ३० मीटरचा पंप काठावर किंवा काठाबाहेर.

तरीही ३० मीटरवाला बंद पडत नाही. मानकाप्रमाणे त्याचं शेवटचं हेड, जिथे पाणी येणं पूर्ण थांबतं, ते ४५ मीटर असतं. ५० मीटरवाल्याचं ७०. मग ३४ ला तो चालेलच की, असं मलाही वाटलं होतं. पण विजेवरच्या मोटारीपेक्षा इथली गोष्ट वेगळी आहे. विजेवर मोटार एकतर पूर्ण वेगाने फिरते नाहीतर बंद असते. सौर पंपाचा कंट्रोलर ऊन असेल तेवढा वेग देतो. आणि वेग कमी झाला की हेड त्याच्या वर्गाच्या प्रमाणात पडतं. वेग ६० टक्के झाला तर हेड फक्त ३६ टक्के उरतं. सकाळी कंट्रोलरच्या पडद्यावर ३० हर्ट्झ दिसतात, म्हणजे ५० च्या साठ टक्के. त्या वेळी ४५ मीटरचे १६ मीटर होतात. माझ्या विहिरीतून बागेच्या टोकापर्यंत नुसतं उचलायलाच ४३ अधिक १२, म्हणजे ५५ फूट, जवळपास १७ मीटर लागतात. मोटार घूं करत फिरणार आणि पाणी पाइपात अर्ध्यावर उभं राहणार. ५० मीटरवाल्याला त्याच वेगाला २५ मीटर मिळतात. मोकळं पाणी तेव्हाच सुरू होतं आणि ३६ हर्ट्झच्या पुढे ठिबकही दाब धरायला लागतं. ढगाळ दिवशीसुद्धा हाच फरक राहतो.

एवढं झाल्यावर ५० मीटर नक्की केला. सर्व्हेला आलेल्या भाऊला कागद दाखवला तर तो हसला. "दादा, लोक नुसतं 'मोठा द्या' म्हणतात, तुम्ही बेरीज घेऊन बसलात." पण त्याने फॉर्मवर माझाच आकडा लिहिला. सर्व्हेच्या वेळी विहिरीजवळ कोण उभं आहे यावर पुढची बरीच वर्षं अवलंबून असतात. तात्यांच्या सर्व्हेला मी असतो तर वाद घातला असता.

पिकाचा हिशोब त्यामानाने सोपा आहे. एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ४ हजार लिटर, एवढं डोक्यात ठेवलं की बाकीचं येतं. मोसंबी एक एकर, १८ बाय १८ फुटांवर, १३४ झाडं. मे महिन्यात मोठ्या झाडाला ठिबकने दिवसाला १२० लिटर धरले तर १६ हजार लिटर होतात. विहीर २२ हजार देते, पंप ४४ हजार देऊ शकतो. म्हणजे बऱ्या वर्षी बाग निघते आणि पंप अर्धा दिवस मोकळा. उरलेल्या एकरभरात खरिपात सोयाबीन, रब्बीत २० गुंठे गहू, बाकी हरभरा आणि गुरांपुरता घास. उन्हाळ्यात तिथे घास सोडून काही घ्यायचं नाही, हे विहिरीने आधीच सांगितलेलं आहे.

फिटिंगच्या दिवशी दोन गोष्टींवर अडून बसलो. पहिली, लिंबाच्या झाडाची. फाउंडेशन विहिरीच्या अगदी कडेला घेतलं तर केबल कमी लागते, पण चारनंतर लिंबाची सावली शेवटच्या पॅनलवर यायची. पॅनल एकामागे एक माळेत जोडलेले असतात, त्यामुळे एकावर सावली पडली की सगळ्या माळेचा जोर उतरतो. खांब ३० फूट पूर्वेला घ्यायला लावले. तोंड दक्षिणेला, उतार २० अंशांच्या आसपास, कारण आपला अक्षांश साडेएकोणीसच्या पुढे आहे. दुसरी गोष्ट मोटारीची. बोअरची सबमर्सिबल रुंद विहिरीत सोडली की पाणी आजूबाजूने थेट पंपात शिरतं, खालच्या मोटारीच्या अंगावरून वाहत नाही आणि ती तापते. म्हणून मोटारीभोवती पीव्हीसी पाइपाचं जॅकेट घालून घेतलं, म्हणजे पाण्याला मोटारीवरूनच यावं लागतं. तळापासून तीन फूट वर टांगली, गाळ ओढू नये म्हणून.

चालू झाल्यावर कंपनीच्या माणसाने धार दाखवून फोटो काढला आणि सही मागितली. सही करण्याआधी २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली धरला. भर दुपारी, मोकळ्या पाइपावर, तो ६२ सेकंदांत भरला. म्हणजे तासाला साधारण साडेअकरा हजार लिटर. ही चाचणी प्रत्येकाने करावी आणि वेळ लिहून ठेवावी. पुढे कधी धार कमी वाटली तर तशाच उन्हात, विहिरीतलं पाणी तेवढंच असताना परत ड्रम लावायचा. पॅनल धुळीने माखले, पाइप गळतोय की पंपाची जाळी गाळाने भरली, हे नंतर शोधता येतं. पण मुळात पाणी कमी झालं की नाही हे डोळ्याने ठरवू नये.

रोजचं चालवणं आता असं बसलंय. उन्हाळ्यात साडेदहाला मोसंबीचा व्हॉल्व उघडायचा. झाडाला आठ लिटरचे चार ड्रीपर, म्हणजे सगळ्या बागेला तासाला ४,३०० लिटर लागतात. पंप त्या वेळी त्याच्या दुप्पट द्यायला तयार असतो, आणि पाणी कोंडलं की दाब चढून लॅटरल निसटतात. म्हणून फिल्टरच्या आधी एक बायपास घेऊन वरकड पाणी विहिरीतच परत सोडलंय. दाबमापकावर काटा एकच्या थोडा वर ठेवायचा, बाकी बायपास सांभाळतो. पावणेचार तासांत १६ हजार लिटर होतात आणि अडीचच्या आत बाग उरकते. कंट्रोलरला ड्राय रन संरक्षण आहे. पाणी जाळीच्या खाली गेलं की करंट पडतो, तो मोटार बंद करतो आणि काही वेळाने आपोआप परत सुरू करून बघतो. एखाद्या वेळी झालं तर ठीक, पण रोज दुपारी तसं व्हायला लागलं की समजायचं, उपसा झऱ्याच्या पुढे गेला. मी तेव्हा पंपाशी खटपट करत नाही, एक दिवसाआड घासाचं पाणी तोडतो.

हिवाळ्यात पंप पूर्ण कामाला लागतो. तुषारचे सहा नोझल एका वेळी चालतात, ३९ ते ४० फुटांच्या अंतरावर लावले की साडेआठ गुंठे भिजतात. दहा ते दोनच्या चांगल्या उन्हात सुमारे ४० हजार लिटर जातात, म्हणजे ४५ मिलिमीटरच्या आसपास. दिवसाला एक जागा, अडीच दिवसांत २० गुंठे गहू. मग हरभऱ्याकडे. गव्हाची पाळी पंधरा-वीस दिवसांनी येते, त्यामुळे घाई होत नाही.

मोकळ्या पाण्याचं मात्र जमत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पाच एचपी विजेवर रात्रभर दांड धरून वाफे भरायची सवय असलेल्याला सोलरवर त्रास होतो. एकरभर वाफे एकदा भरायचे तर ६० मिलिमीटर, म्हणजे २ लाख ४० हजार लिटर लागतात. ४४ हजारांच्या पंपाला पाच-सहा दिवस. शिवाय सकाळी धार बारीक असते, पाणी पाटातच जिरतं आणि सरीच्या शेवटापर्यंत पोचत नाही. वरच्या सऱ्या दोनदा भिजतात, खालच्या कोरड्या राहतात. मोकळंच पाणी द्यायचं असेल तर दिवसभर हौदात किंवा शेततळ्यात साठवून एकदम सोडावं, किंवा अकरा ते दोन एवढ्याच वेळेत दांड धरावा.

पॅनल पुसायचं काम सूर्य वर यायच्या आत करतो. तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही आणि विहिरीचं पाणी तसंच वाळू द्यायचं नाही, कारण आमच्या पाण्याला क्षार आहेत आणि त्यांचे पांढरे डाग बसले की घासून निघत नाहीत. ओलं फडकं आणि लगेच कोरडं फडकं. मळणीच्या दिवसांत मात्र हे दर तीन-चार दिवसांनी करावं लागतं.

राहिला प्रश्न २०२४ सारख्या उन्हाळ्याचा. रात्रीचे ९ हजार लिटर १३४ झाडांना वाटले तर झाडामागे ६७ लिटर येतात. खोडाभोवती आच्छादन घालून झाड जगतं, पण आंबिया बहाराची फळं मेमध्ये गळतात. त्यामुळे आता निर्णय पुढे ढकललाय डिसेंबरवर. दिवाळीनंतर दर आठवड्याला सुतळी टाकतो. पाणी २० फुटांच्या आसपास असेल तर झाडांचं पाणी तोडून ताण द्यायचा आणि जानेवारीत आंबिया बहार धरायचा. डिसेंबरातच ३० च्या खाली गेलं असेल तर आंबिया सोडून पावसाळ्याच्या तोंडावरचा मृग बहार धरायचा. मृगाला एप्रिल-मेमध्ये ताणच द्यायचा असतो, म्हणजे विहीर जेव्हा सगळ्यात कमी देते तेव्हा बागेचं मागणं कमी होतं, आणि फळं पोसायचा काळ पावसाळा ते हिवाळा असा येतो, जेव्हा विहिरीतही पाणी असतं आणि पंपालाही ऊन असतं. मागच्या सप्टेंबरच्या पावसाने विहीर कठड्यापर्यंत आली होती, त्यामुळे यंदा आंबियाच आहे.

तात्यांचं म्हणाल तर त्यांचा ७० मीटरचा पंप बदलून मिळायचा नाही. त्यांना म्हटलं, ताकद आहे ना, मग ती वापरा. त्यांनी भावकीतला एक जुना तुषार संच आणला. नोझल तीनच चालतात, पण अशी फेकतात की शेजारच्या बांधावरचं गवतही भिजतं. आता ते बांधावरच्या शेवटच्या नोझलला पत्रा वाकवून आडवा लावायच्या खटपटीत आहेत.